मैत्रिणीला कसं सांगावं: माझ्या घरचं ऑफिसात बोलू नकोस

प्रश्न: मी फोर्टमध्ये एका विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून डोंबिवलीला आईकडे राहायला आले. हे मी ऑफिसात फक्त एका मैत्रिणीला सांगितलं होतं. आम्ही बरोबर लोकलने जातो-येतो, डबाही बरोबर खातो. आता जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सगळं माहीत आहे, आणि ते तिच्याकडूनच कळलं असं एकीने मला सांगितलं. नागपूरच्या ऑडिटला मी जाणार होते. साहेबांनी 'तुला सध्या घरचं खूप आहे' म्हणत दुसऱ्याला पाठवायचं ठरवलं. मैत्रीण मनाने वाईट नाही. मैत्री तोडायची नाही. तिला दुखवणार नाही, पण पक्कं कळेल, असं कसं सांगू?

उत्तर:

ताई, सौम्यपणा जागेत, वेळेत आणि आवाजात ठेवा. मागणीच्या वाक्यात ठेवू नका. मनुष्यबळ विभागात बरीच वर्षं काढल्यावर आता मी नोकरदारांचं समुपदेशन करते, आणि अशी बोलणी फसलेली पाहते तेव्हा बहुतेक वेळा हेच उलटं झालेलं असतं. चारचौघांत तुटक, फणकाऱ्याच्या सुरात काहीतरी बोललं जातं, पण 'बोलू नकोस' हे साधं वाक्य काही तोंडातून निघत नाही.

तुम्ही आतापर्यंत आडून सुचवून पाहिलं असेल. 'लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकवायची फार हौस असते' असं तिच्या देखत म्हटलं असेल, किंवा व्हॉट्सॲपच्या स्टेटसला विश्वासाबद्दल काहीतरी टाकलं असेल. आणि तिने मान डोलावून 'खरंच गं' म्हटलं असेल. ती नाटक करत नाही. आपण चुगली केली असं तिला वाटतच नाही. तिच्या लेखी ती काळजी होती. टेबलावर ती 'बिचारीचं फार वाईट चाललंय, कोणाला सांगू नका हं' असंच म्हणाली असणार. ज्याच्याकडे आतली बातमी असते त्याच्याकडे चार माणसं पटकन वळून बघतात, आणि तुमची जवळची मैत्रीण म्हणून ही बातमी फक्त तिच्याकडे होती. तेवढं महत्त्व मिळालं की माणूस नकळत पुढचं वाक्यही बोलून जातो. म्हणून 'लोक' आणि 'काही जण' हे शब्द बाजूला ठेवा. 'तू सांगितलंस' हे तिच्या कानावर पडलं पाहिजे.

बोलायच्या आधी घरी बसून तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, नेमकं काय थांबवायचं आहे. 'माझ्याबद्दल काही बोलू नकोस' ही मागणी पाळता येत नाही. तुम्ही रजेवर आहात, मीटिंगमध्ये आहात, तुमची गाडी चुकली, हे तिला रोज कोणाला तरी सांगावंच लागतं. जे पाळता येत नाही ते दोन दिवसांत मोडतं, आणि एकदा मोडलं की तुमच्या बोलण्याचं वजन जातं. विषय मोजून सांगा: माझं लग्न, माझा नवरा, मी कुठे राहते. कोणाशी, तेही सांगा. ऑफिसात कोणाशीही नाही, आणि तुमच्या गाडीच्या ग्रुपमध्येही नाही. लेडीज डब्यातला ग्रुप राहून गेला तर ती प्रामाणिकपणे समजेल की तिथे चालतं.

दुसरी, एकच प्रसंग. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना कळलं, तेवढाच. मागे कधी तिने तुमच्या पगारवाढीबद्दल कोणाला सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही गप्प बसलात, हे सगळं आज काढायचं नाही. तीन प्रसंग सांगितले की ती त्यातला सर्वात कच्चा धरते, त्यावरच वाद घालते, आणि मूळ मुद्दा राहून जातो. नागपूरचा विषयही तिच्याशी काढू नका. तो निर्णय साहेबांचा आहे. तो तिच्या डोक्यावर ठेवलात तर 'माझ्यामुळे तुझं नुकसान झालं असं म्हणतेस?' यावरच संध्याकाळ संपेल. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते.

तिसरी, खात्री. तुम्ही पत्ता बदलून दिलाय का? पीएफचं नामनिर्देशन किंवा अडीअडचणीला संपर्क करायचं नाव बदललंय का? अशा अर्जावरूनही कागद हाताळणाऱ्याला अंदाज येतो आणि बोलणं सुटतं. तुमच्या बाबतीत एकीने स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे बहुधा तसं नसेल. तरी बोलताना 'तू सांगितलंस असं मला कळलं' एवढंच म्हणा. ते खरंही आहे, आणि चुकून वेगळं काही निघालं तर तुम्ही तिच्यावर खोटा आळ घेतला असं होत नाही.

आता जागा. ऑफिसच्या पँट्रीत नको, तिथे कोण कधी चहा घ्यायला येईल सांगता येत नाही. गाडीत तर मुळीच नको. डोंबिवलीच्या गाडीत माणूस अंगाला अंग लावून उभा असतो, आणि कुजबुजलेलं वाक्य सगळ्यात जास्त लक्ष देऊन ऐकलं जातं. ऑफिस सुटल्यावर दादाभाई नौरोजी रोडने सीएसएमटीकडे चालता चालता बोलावंसं वाटेल, पण त्या फुटपाथवर एकामागे एक चालावं लागतं, फेरीवाल्यांच्या आवाजात अर्धं वाक्य हरवतं, आणि अशा बोलण्यात अर्धं वाक्य हरवून चालत नाही. एशियाटिकच्या पायऱ्या किंवा समोरची हॉर्निमन सर्कलची बाग बरी. शेजारी शेजारी बसता येतं, सतत डोळ्यांत डोळे घालून बसावं लागत नाही, आणि आपल्याच ऑफिसचं कोणी ऐकत बसलेलं नसतं.

वेळ संध्याकाळचीच घ्या. सकाळी बोललात तर ती दिवसभर ते मनात घेऊन त्याच टेबलावर बसेल, आणि दुपारपर्यंत 'तिने मला असं म्हटलं' ही नवी बातमी तयार होईल. पण संध्याकाळी एक अडचण असते. बोलणं संपलं की दोघींना एकाच गाडीत तासाहून जास्त वेळ शेजारी उभं राहायचं असतं. म्हणून त्या दिवशी परतीची सोय वेगळी ठेवा. दादरला मावशीकडे जायचं असेल, काही खरेदी असेल, ते खरोखरच त्या दिवशी ठरवा आणि निघतानाच सांगून ठेवा, 'मी आज दादरला उतरणार आहे' किंवा 'मी आज मागच्या गाडीने येते.' तिला एकटीने जाताना विचार करायला मिळतो. रडू आलं असेल तर तुमच्यासमोर तोंड लपवत उभं राहावं लागत नाही.

बोलायचं ते साधारण असं. शब्द तुमचे वापरा, पण वाक्यांचा क्रम बदलू नका.

'अगं, एक बोलायचं होतं. थोडं अवघड आहे म्हणून इथे बसूया म्हटलं. मी आईकडे राहायला आले हे ऑफिसात फक्त तुला सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात ते टेबलावर सगळ्यांना माहीत होतं, आणि ते तू सांगितलंस असं मला कळलं. मला त्याचा त्रास झाला. यापुढे माझं लग्न, माझा नवरा आणि मी कुठे राहते, याबद्दल ऑफिसात आणि गाडीत कोणाशीही बोलू नकोस. कोणी विचारलं तर तिलाच विचार, एवढं सांग.'

हे बोलायला अर्धा मिनिट लागतो. एवढंच असू द्या.

यातलं शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात, आणि खरं काम तेच करतं. उद्या टेबलावर कोणी तरी तिला विचारणारच, 'काय गं, तिचं काय चाललंय?' त्या क्षणी तिच्याकडे तयार उत्तर नसेल तर ती गडबडते, 'मला काही माहीत नाही' म्हणते, कोणाचा त्यावर विश्वास बसत नाही, पुन्हा विचारतात, आणि तिच्या तोंडून अर्धं बाहेर पडतं. 'तिलाच विचार' हे वाक्य हाताशी असलं की तिला खोटं बोलावं लागत नाही, आणि विचारणाराही तिथेच थांबतो, कारण तुम्हाला येऊन विचारायची त्याची तयारी नसते.

आवाज नेहमीचा ठेवा, तिच्याशी डब्यातल्या भाजीबद्दल बोलता तसा. 'राग मानू नकोस हं, पण', 'जमलं तर', 'शक्यतो' हे त्या मागणीच्या वाक्याला चिकटू देऊ नका. 'शक्यतो बोलू नकोस' याचा तिला लागणारा अर्थ 'अगदीच राहवलं नाही तर बोल' असा आहे. आणि हसू नका. आपल्याकडे अवघड बोलताना संकोचाने हसायची सवय असते. तेवढ्या हसण्यावरून समोरचा ठरवतो की हे काही फार मनाला लावून घेतलेलं नाही.

पण सर्वात जास्त घात होतो तो बोलून झाल्यानंतर. तुम्ही थांबता, ती गप्प, खाली बघतेय. चार-पाच सेकंद जातात. ते सहन होत नाही आणि तुम्ही म्हणता, 'अगं, एवढं काही नाही, असू दे, मी आपलं सांगितलं.' तिथे सगळं पुसलं जातं. ती सुटकेने म्हणते, 'नाही गं, तुझं बरोबर आहे,' दोघी उठता, आणि तिच्या लक्षात राहतं ते 'एवढं काही नाही' हेच. माझ्याकडे येणाऱ्यांकडून मी शब्दांपेक्षा ही शांतता जास्त घटवून घेते. घरी आईला किंवा आरशाला समोर ठेवून ते अर्ध्या मिनिटाचं एकदा मोठ्याने बोला, आणि मग मनात दहापर्यंत मोजत गप्प बसा. पुढचं वाक्य तिचंच असलं पाहिजे.

ते वाक्य काय असेल? बहुधा, 'तुला कोणी सांगितलं?' हा प्रश्न निरागस वाटतो, पण उत्तर दिलंत की भांडण त्या तिसरीबरोबर सुरू होतं आणि तुम्ही मध्ये सापडता. नाव घेऊ नका, अंदाजही बांधू देऊ नका. 'कोणी सांगितलं ते मी नाही सांगणार. यापुढे बोलू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे.' तिने पुन्हा विचारलं तर तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात. नवं कारण जोडलंत की तिला नवा वाद मिळतो.

ती 'मी नाहीच सांगितलं' म्हणाली तर? इथे बरेच जण पुरावे काढतात. तुम्हाला कबुली नको आहे, तुम्हाला उद्यापासून शांतता हवी आहे. 'बरं. मग पुढेही नाही सांगणार ना, मला तेवढंच हवं आहे.' नाकारणाऱ्या माणसाला हे मान्य करावंच लागतं, आणि तिची मानही खाली जात नाही. पुढे मैत्री टिकवायची असेल तर ती मान जपायला हवी.

'अगं, मी तुझ्या काळजीने बोलले' हे आलं तर ते खरं आहे असंच समजा. 'तुला काळजी आहे हे मला माहीत आहे. ती मला येऊन दाखव, टेबलावर नको.' रडली तर थांबा, पाणी द्या, पाठीवर हात ठेवा, पण मागणी मागे घेऊ नका. रडणं थांबल्यावर शांतपणे एकदा म्हणा, 'मी दुसऱ्या कोणाकडे गेले नाही, तुलाच सांगितलं, कारण तू माझी आहेस. बोलणार नाहीस ना?' आणि ती उलटून म्हणाली की 'तू नाही का माझ्या सासूबद्दल त्यांना सांगितलंस', आणि ते खरं असेल, तर तिथल्या तिथे मान्य करा: 'हो, यापुढे मीही नाही बोलणार.' दोन्हीकडून सारखा नियम झाला की तो जास्त टिकतो.

तिला कळलं की नाही हे तिच्या 'हो'वरून ओळखू नका. 'बरं बाई, तोंडाला कुलूप' असं हसत म्हणाली तर तिने विषय टाळलाय. 'म्हणजे नवऱ्याचं कोणी विचारलं तर तुझ्याकडेच पाठवायचं ना' असं स्वतःच्या शब्दांत म्हणाली तर पोचलं. पहिल्या बाबतीत, निघायच्या आधी, मागणीचं वाक्य आणखी एकदा म्हणा.

रात्री मेसेज पाठवू नका. 'तुला वाईट वाटलं का' अशी चौकशीसुद्धा नको. तुमचं लिहिलेलं चार ओळींचं काहीही स्क्रीनशॉट होऊन फिरू शकतं, आणि तुमची तक्रारच पुढच्या आठवड्याचा विषय होते. व्हॉइस नोटचंही तेच. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीला, नेहमीच्या डब्यात चढा, तिला जागा धरा, दुसऱ्या विषयावर बोला. काल जे झालं ते तेवढ्या एका गोष्टीपुरतं होतं, हे तिला या वागण्यावरूनच कळेल.

मात्र पुढचे काही आठवडे त्या तीन विषयांवर तिला नवं काही देऊ नका. ती प्रेमाने विचारेल, 'वकिलाकडे गेलीस का?' 'चाललंय गं' पुरेसं आहे. काही जणी अशा वेळी मुद्दाम खोटी बातमी सोडून ती कुठे पोचते ते बघतात. असं करू नका. ती बातमी फिरून तुमच्याच अंगावर येते, आणि तेव्हा खोटं बोलणारी तुम्ही ठरता.

पुन्हा बोलली तर? कळल्यावर लवकर, पुन्हा एकांतात, आणि पहिल्यापेक्षा कमी शब्दांत: 'आपण बोललो होतो. तू परत बोललीस. आता माझ्या घरचं मी तुला सांगणार नाही. बाकी आपण आहोत तशाच आहोत.' हे धमकावणं नाही. जे करणं फक्त तुमच्या हातात आहे तेवढंच तुम्ही सांगताय आणि लगेच करताय. 'वरती तक्रार करीन' असं मैत्रिणीला म्हणू नका. तसं म्हटल्यावर मैत्री उरत नाही, आणि साध्या घरगुती चर्चेची तक्रार घेऊन मनुष्यबळ विभागात गेलात तर बहुतेक ठिकाणी 'तुम्ही आपसात मिटवा' हेच ऐकावं लागतं.

एका बाबतीत मात्र हे सगळं लागू नाही. तुम्ही नवऱ्यापासून वेगळ्या राहताय म्हणून तुमच्या चारित्र्याबद्दल अश्लील शेरे, कोणाबरोबर तरी नाव जोडून घाणेरड्या गप्पा, असं काही सुरू झालं, तर ते मैत्रिणीशी बोलून मिटवायचं काम राहत नाही, मग ते कोणीही बोललेलं असो. अशा लैंगिक शेरेबाजीसाठी कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते, तक्रार लेखी करायची असते, आणि घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. असं काही घडलं तर तारीख, जागा, कोण होतं आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. टेबलावर 'बिचारी' म्हणणं या कायद्यात बसत नाही, तिथे तो ओढू नका.

टेबलावरच्या बाकीच्यांना जे कळलंय ते आता परत घेता येणार नाही. कोणी सहानुभूतीने सुरुवात केली की 'घरचं घरी राहू दे, ती क्लेमची फाइल कुठवर आली?' असं म्हणून कामावर या. दोन-तीन वेळा उत्तर मिळालं नाही की विचारणं आपोआप कमी होतं.

राहिला नागपूरचा विषय, आणि तो लांबवू नका. साहेबांनी तुम्हाला न विचारता, ऐकीव गोष्टीवरून तुमचं काम काढून घेतलंय. त्यांच्याकडे पाच मिनिटं मागून जा. मैत्रिणीचं नाव नाही, 'तुम्हाला कोणी सांगितलं' हा प्रश्न नाही, नवऱ्याचा खुलासा नाही. 'सर, माझ्या घरच्या परिस्थितीमुळे नागपूरला मला पाठवत नाही असं तुम्ही म्हणालात. घरची व्यवस्था माझी झालेली आहे, दौऱ्याला काही अडचण नाही. हे ऑडिट मला करायचं आहे, माझं नाव पुन्हा घाला. पुढे कधी अडचण आली तर मी स्वतः येऊन सांगेन.' ते 'बघतो' म्हणाले तर 'कधीपर्यंत कळेल?' एवढं विचारा, आणि जागेवर येऊन त्यांना दोन ओळींचा मेल करा: आज आपलं बोलणं झाल्याप्रमाणे नागपूर ऑडिटसाठी मी उपलब्ध आहे, आपल्या निर्णयाची वाट पाहते.